आजोबांचा वाडा आणि आजोबांचे सिमेंट

«ताई, मी एक कथा लिहीत आहे. तिची नायिका वास्तुविशारद आहे आणि शनिवार पेठेतला आजोबांचा पडका वाडा ती पुन्हा बांधून काढते. मागचा भाग कोसळला आहे, पुढचा चौक अजून उभा आहे. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हाच कथेचा विषय. माझ्या खर्ड्यात ती दिंडी दरवाजा, झोपाळ्याच्या कड्या आणि तुळशीवृंदावन ठेवते. बाकी सगळे नवे करते. एका उन्हाळ्यात काम संपते. ज्यांनी वाचली ते म्हणतात, कथा गोड आहे, पण तिने या तीन वस्तूंऐवजी दुसरे काहीही ठेवले असते तरी काही बिघडले नसते. तुम्ही वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करता, म्हणून विचारते: तिने काय ठेवावे?»
– एक वाचक, पुणे

वाचणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. दरवाजा, कड्या आणि वृंदावन या तिन्ही वस्तू वाड्यातून उचलून कोणत्याही नव्या इमारतीत नेऊन ठेवता येतात आणि आजकाल तशा नेल्याही जातात. त्या ठेवल्याने दुसरे काही सोडावे लागत नाही, म्हणून तो निर्णयच होत नाही. वाड्यात खरा पेच तेव्हा येतो, जेव्हा एक गोष्ट राखायची तर दुसरी काढल्याशिवाय गत्यंतर नसते आणि दोन्ही घरच्याच माणसांच्या हातच्या असतात. तुमच्या कथेत असा पेच आयता दडलेला आहे. शनिवार पेठ तुम्ही निवडलीच आहे. आता १२ जुलै १९६१ ही तारीख तिच्याजवळ आणून ठेवा.

पानशेतचे धरण त्या दिवशी फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आपल्याकडच्या कित्येक वाड्यांचा भार लाकडी सांगाड्यावर असतो: खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर छताच्या लाकडी कड्या. दोन खांबांमधला तो खण, साधारण पाच-सहा फुटांचा. मधल्या भिंती बहुधा मातीच्या किंवा माती घालून रचलेल्या विटांच्या. पाणी साचून राहिले की ती माती विरघळते आणि भिंत खाली बसते, पण सांगाडा पुष्कळदा उभा राहतो. पूर ओसरल्यावर अनेक घरमालकांसमोर हेच चित्र होते: वर छप्पर जागेवर, खाली भिंतींच्या जागी चिखल.

तुमच्या कथेतले आजोबा तेव्हा तिशीत असतील असे समजू. त्यांनी काय केले असेल, ते मी अशा घरांत पाहिलेल्या कामांवरून सांगते. पडलेल्या भिंती त्यांनी पक्क्या विटांत उभ्या केल्या, खालचा तीन फूट भाग सिमेंटने गिलावला आणि पुन्हा पाणी आले तर घरात शिरू नये म्हणून ओसरी व माजघरात मुरूम भरून जमीन नऊ इंच वर घेतली आणि त्यावर सिमेंटमध्ये शहाबादी फरशी बसवली. त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळत असे. तेव्हा परवाना मिळवणे, पोती वाहून आणणे आणि गवंड्यासमोर उभे राहून ती वापरून घेणे, हे कर्त्या पुरुषाचे मोठे काम होते. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली गेली असणार आणि नायिकेने ती लहानपणापासून ऐकलेली असणार. तिच्या लेखी आजोबांचा वाडा म्हणजे हीच काळी गुळगुळीत फरशी. हे कथेत आधी नीट रुजवा, कारण पुढे तिला हीच फरशी उखडायची आहे.

आता खांबाकडे येऊ. वाड्याचा खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि तळखड्याचा माथा जमिनीपासून काही इंच वर ठेवलेला असतो. जमिनीची ओल दगडातच थांबावी आणि लाकडाच्या पायाला वारा लागावा, एवढ्यासाठी ही सोय. तळखड्याचा माथा मूळ जमिनीपासून चार इंच वर होता असे धरले, तर जमीन नऊ इंच उचलल्यावर तळखडा संपूर्ण गाडला गेला आणि त्यावरचे पाच इंच लाकूडही मुरमात गेले. सागवानाचा गाभा चिवट असतो, लगेच काही होत नाही. पण चौकातले पाणी, फरशी धुतल्याचे पाणी आणि जमिनीतून चढणारी ओल त्या मुरमात साठते आणि वर सिमेंटची घट्ट फरशी असल्यामुळे तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. अशी वीस-तीस वर्षे गेली की लाकडाचा पाय कुजू लागतो आणि ओल्या लाकडाला वाळवीही लागते. वरून मात्र खांब तेल पाजलेला, चकचकीत दिसत राहतो.

हे ओळखायचे कसे? येथे तुम्हाला नायिकेचे शिक्षण कथेत आणता येईल, तेही नकाशे व परवानग्यांची पाने न खर्चता. तिला पहिल्यांदा दिसायला हवी ती न दिसणारी गोष्ट: खांबाच्या बुडाशी तळखडा नाही, खांब फरशीतूनच उगवल्यासारखा वर आला आहे. मग ती पाहते की भिंतीतले कोनाडे जमिनीच्या फार जवळ आहेत आणि माजघराच्या दारातून जाताना उंच माणसाला वाकावे लागते. एवढ्यावरून जमीन उचलली गेली आहे हे तिला कळते. भिंतीवर, तीन फुटांच्या सिमेंट गिलाव्याच्या बरोबर वर, लोणा फुटलेला आहे; खाली कोंडलेली ओल गिलावा संपतो तिथे बाहेर पडते आणि पांढरी पूड मागे ठेवते. माडीवरच्या खोलीचे दार एका कोपऱ्यात घासते. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने ती तुळईची पातळी तपासते, तेव्हा न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यातल्या खांबावर तुळई दीड इंच खचलेली निघते.

त्यानंतरचा प्रसंग सुताराच्या हातात द्या. वयस्कर सुतार लाकडी हातोडीने खांब वरून खाली ठोकत येतो. छातीच्या उंचीवर आवाज खणखणीत येतो, गुडघ्याखाली बद्द होतो. मग तो दाभण काढतो. फुटभर उंचीवर ते जेमतेम टोकापुरते शिरते. फरशीलगत, हाताला फारसा जोर न लावता, मुठीपर्यंत आत जाते. तो ते बाहेर काढतो, टोकाला चिकटलेला ओलसर तपकिरी भुसा बोटांत चोळतो आणि काही न बोलता पुढच्या खांबाकडे वळतो. या ठिकाणी नायिकेला काही बोलायला लावू नका. तुमच्या खर्ड्यात ती अशा जागी आठवणींत शिरते, असे पत्राच्या सुरावरून वाटते.

फरशीचा एक तुकडा काढून खाली खणले की तळखडा दिसतो. त्याच्या कडेने कोरलेल्या पाकळ्यांची ओळ असू द्या. १९६१ नंतर जन्मलेल्या घरातल्या कुणीही ती पाहिलेली नाही. वाचकाला येथे वाटेल की आता उत्तर सापडले: आजोबांची फरशी काढायची, मुरूम उपसायचा, पणजोबांची जमीन मोकळी करायची आणि वाडा होता तसा करायचा. नायिकेलाही एक रात्र तसेच वाटू द्या. अनुभवी माणूस मात्र येथे थांबतो आणि आधी दाराबाहेर जाऊन रस्ता पाहतो.

पेठेतले रस्ते वर्षानुवर्षे डांबराचे थरावर थर चढून उंचावले आहेत. ज्या जोत्यावर जायला कधीकाळी चार पायऱ्या होत्या, तेथे आता एखाद-दुसरीच उरलेली दिसते. अशा ठिकाणी घरातली जमीन नऊ इंच खाली नेली, तर चौक गटाराच्या पातळीखाली जाण्याची भीती असते आणि पहिल्या जोराच्या पावसात चौकातले पाणी बाहेर जाण्याऐवजी गटारातले पाणी मोरीतून आत येते. मूळ जमीन राखण्याच्या हौसेपायी ज्या लाकडाला वाचवायला निघालो, तेच पुन्हा ओलीत उभे राहते. फक्त खांबांभोवती खड्डे मोकळे ठेवून बाकीची फरशी तशीच ठेवावी, असेही काही जण सुचवतात. दिसायला ते छान दिसते, पण त्या खड्ड्यांत केर आणि पाणी साठते, म्हणून मी तो सल्ला देत नाही.

तेव्हा तुमच्या नायिकेला जे उमगायला हवे ते असे: उंचीच्या बाबतीत आजोबा बरोबर होते, साहित्याच्या बाबतीत नव्हते. तिने आजोबांची पातळी ठेवावी आणि आजोबांचे सिमेंट काढावे. मला विचाराल तर कथेचा कणा हाच आहे. ती आजोबांना डावलत नाही आणि त्यांच्या कामाची पूजाही करत नाही; त्यांच्या निर्णयाचे दोन भाग करून एकच स्वीकारते. आणि तो स्वीकारताना जे उखडले जाते, ती नेमकी तिच्या आठवणीतली काळी फरशी असते.

हे प्रत्यक्षात कसे होते तेही सांगते, कारण या कामाला स्वतःची एक लय आहे आणि ती कथेला उपयोगी पडेल. वरचा भार आधी धिऱ्यांवर घ्यावा लागतो. तुळईखाली जाड लाकडी धिरे आणि त्यांखाली स्क्रू जॅक लावून भार उचलला की खांब मोकळा होतो. मग कुजलेला पाय कापायचा. आपल्या हिशेबात लाकूड तळखड्याच्या माथ्यापासून, म्हणजे जुन्या जमिनीच्या चार इंच वरून, सुरू होते. मुरमात पाच इंच गाडले गेले आहे आणि कुजणे त्याच्याही वर चार इंच पोचले आहे. म्हणजे नऊ इंच लाकूड जाणार. इकडे जमीनही नऊच इंच वर आलेली आहे. तळखडा बाहेर काढून, त्याखाली घडीव दगड चुन्यात बसवून, तोच तळखडा नऊ इंच वर ठेवला की तो नव्या जमिनीवर पुन्हा चार इंच उघडा राहतो, पाकळ्या दिसू लागतात आणि कापलेला खांब बरोबर त्याच्या माथ्यावर टेकतो. हिशेब इतका चोख सहसा जुळत नाही, पण कथेत जुळवून घ्यायला हरकत नाही. मात्र निदान एका खांबाने तरी त्याला दगा द्यायला हवा.

तो न्हाणीजवळचा कोपऱ्यातला खांब. त्याचे कुजणे दोन फुटांवर गेले आहे, म्हणून तेथे दगड वर घेऊन भागत नाही. नवे लाकूड जोडावे लागते. जोड सरळ कापून चालत नाही. जुने आणि नवे लाकूड लांब तिरक्या कापाने एकमेकांवर बसवतात आणि त्या सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या सुमारे तिप्पट ठेवतात. खांब सात इंची असेल, तर सांधा एकवीस इंचांचा झाला. त्यात लाकडी खुंट्या किंवा गंज न धरणारे बोल्ट घालतात. जोडायचे लाकूड ताजे असून चालत नाही, कारण ते सुकताना आकसते आणि सांधा उघडतो. जुन्या लाकडाशी जुनेच लाकूड जोडावे आणि ते तुमच्या कथेत आवारातच पडून आहे: मागच्या पडलेल्या भागातल्या तुळया.

या तुळयांवरून घरात भांडण लावा. वाडे पाडणारे ठेकेदार जुन्या सागवानाचा दर नीट जाणून असतात. पुष्कळदा पाडण्याची मजुरी त्यातूनच वसूल होते आणि वर मालकाला चार पैसे सुटतात. नायिकेचे काका म्हणतील की मागचे लाकूड विकून पुढच्या दुरुस्तीचा खर्च काढू, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. तिला मात्र त्यांतली एक चांगली तुळई, सगळ्यात जास्त पैसे देणारी, कापून खांबाचा पाय करायची आहे. काकांना लोभी रंगवू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर वहीतला आकडा आहे आणि तो खरा आहे.

खचलेली तुळई वर घेण्याचा प्रसंग मी असते तर कथेच्या मध्यावर ठेवला असता. दीड इंच म्हणजे बारा सूत. जॅक एकदम फिरवला तर अर्ध्या तासात तेवढे उचलले जाईल, पण वाडा तीस-चाळीस वर्षे हळूहळू खाली बसत आला आहे आणि त्याच्याबरोबर वरचे सांधे, गिलावा, खिडक्यांच्या चौकटी असे सगळे त्या खचलेल्या आकारात मुरले आहे. घाईने उचलले तर तुळईत गेलेले खांबाचे कुसू मोडते आणि माडीच्या भिंतीला तडे जातात. म्हणून जाणता सुतार दिवसाला एखादे सूत उचलतो, रात्रभर तसेच राहू देतो आणि सकाळी आधी माडीवर जाऊन दार लावून पाहतो. आठ-नऊ सुतांवर दार मोकळे फिरू लागले की तो हात आवरतो. नायिका नळी लावून दाखवते की अजून तीन सूत बाकी आहेत आणि तो म्हणतो, «बाई, आता घर नको म्हणतंय.» त्याचेच ऐकावे. त्या दाराशी रोज वर जाण्याने तुम्हाला काळ पुढे सरकवायचे साधनही मिळते.

एका उन्हाळ्यात मात्र हे सारे मावत नाही. सिमेंटचा गिलावा काढल्यावर आतली भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी लागते आणि लोणा पुन्हापुन्हा झाडून काढावा लागतो. ओल्या भिंतीवर घाईने चुना चढवला, तर लोणा पहिल्याच वर्षी तो फोडून बाहेर येतो. काम दिवाळीनंतर सुरू करा, उन्हाळाभर भिंती उघड्या ठेवा, पावसाळा आधारांवर आणि ताडपत्रीखाली काढा, आणि चुन्याचा गिलावा पुढच्या हिवाळ्यात घ्या. पावसाळ्यातले ते उघडे, टेकूंवर उभे असलेले घर काकांना आणि शेजाऱ्यांना मोडकळीला आल्यासारखेच दिसेल आणि नायिकेच्या निर्णयावर सर्वांत जास्त बोलणी त्याच महिन्यांत बसतील. तुमच्या खर्ड्यात कोणी तिला विरोध केलेला दिसत नाही; तो येथे आपोआप उभा राहतो.

भाडेकरूंचा उल्लेख पत्रात नाही. पेठेतल्या वाड्यात एकही जुना भाडेकरू नसणे शक्य आहे, पण वाचकाला ते खटकेल. ठेवायचा असेल तर एकच ठेवा आणि पूर पाहिलेला ठेवा. फरशीखाली काय होते, हे आठवणारे ते एकटेच माणूस असेल. कायद्याच्या बाजूत फार शिरू नका; भाडेकरूचा हक्क शाबूत असताना मालक एकट्याच्या मर्जीने पाडापाडी करू शकत नाही, एवढे काकांच्या एका वाक्यात आले तरी पुरे.

उखडलेल्या शहाबादीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो आणि वाचक तो विचारणारच. सिमेंटमध्ये बसवलेली फरशी सरसकट अखंड निघत नाही. कडा तुटतात, काही लाद्या मधोमध फुटतात. ज्या निघतात त्यांच्या पाठीला सिमेंट चिकटलेले असते आणि ते छिन्नीने काढणे हे वेळखाऊ काम आहे. नायिकेने चांगल्या निघालेल्या लाद्या माजघरात, त्याच पातळीवर, या वेळी चुन्यावर आणि सांधे चुन्याचेच ठेवून पुन्हा बसवाव्यात. ओसरीला त्या पुरणार नाहीत. तेथे दुसरा दगड येईल आणि तो वेगळा दिसेल. जुन्यासारखा दिसावा म्हणून त्याला रंग लावण्याचा किंवा घासून झिजवण्याचा मोह तिला होऊ देऊ नका. कोणते काम कधीचे, हे पुढे दुरुस्तीला येणाऱ्याला पाहताक्षणी कळले पाहिजे. त्याच कारणाने, जोडलेल्या खांबाचा सांधाही रंगाने झाकायचा नसतो.

पुन्हा लिहायला बसण्यापूर्वी बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात एक फेरी मारा. तेथील सुरूदार खांब आणि केळफुलांचे कोरीवकाम सगळेच पाहतात. तुम्ही मात्र खांबांचे पाय पाहा: लाकूड कोठे संपते, दगड कोठे सुरू होतो, आणि जमीन त्या दगडाला किती उंचीवर भिडते. मग तेथून चालत तुमच्या पेठेत या आणि जो जुना वाडा उघडा सापडेल, त्याच्या ओसरीत तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.